वाणासाठी स्टीलची वाटी की तयार करंडा-संच? ऐंशी सवाष्णींचा हिशेब

आमच्या नागपुरातल्या वसाहतीत यंदा ऐंशी सवाष्णींना हळदीकुंकवाचे बोलावणे होते आणि वाण ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. इतवारीतल्या दुकानांत भाव विचारून झाल्यावर दोनच पर्याय उरले. एक होता स्टीलच्या वाटीत हळदीकुंकवाच्या पुड्या व तिळगूळ घालून घरीच बांधायचा संच. दुसरा, चांदीसारखा मुलामा दिलेला दोन कोयऱ्यांचा करंडा, जो खोक्यात भरून तयार मिळतो. खालचे भाव मला मिळालेले आहेत. दुकानागणिक ते थोडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

वाटीचा संच पन्नासपासून नव्व्याण्णव नगांपर्यंत ४२ रुपयांना आणि शंभर किंवा अधिक घेतल्यास ३६ रुपयांना पडत होता. करंड्याचे हेच दोन टप्पे ६८ आणि ५४ रुपयांचे होते. म्हणजे ऐंशी करंडे घेतले तर ५,४४० रुपये लागतात आणि शंभर घेतले तर ५,४००. वीस नग जास्त घेऊनही चाळीस रुपये वाचतात, आणि ही गोष्ट दुकानदार आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. वाटीच्या बाबतीत ऐंशीचे ३,३६० आणि शंभरचे ३,६०० होतात, म्हणजे वरचे वीस नग अवघ्या २४० रुपयांत येतात. म्हणून आपली संख्या टप्प्याच्या थोडी खाली असेल, तर पुढच्या टप्प्याची एकूण रक्कम काढल्याशिवाय मागणी नोंदवू नये. उरलेल्या नगांसाठी शेजारच्या इमारतीतल्या एखादीला आधीच विचारून ठेवले, तर दोघींनाही कमी भाव मिळतो.

नाव घालून घेण्याच्या खर्चात मात्र दोन्ही पर्याय एकमेकांपासून फार दूर जातात. भांड्यांच्या दुकानात वाटीवर नाव घालण्याचे नगामागे चार रुपये सांगितले गेले आणि त्याला किमान संख्येची अट नव्हती. करंड्याच्या झाकणावरच्या छपाईला साचा बनवण्याचे एकदाच ५०० रुपये आणि पुढे नगामागे दोन रुपये, तेही किमान शंभर नगांवर. शंभर नगांना हा खर्च ७०० होतो, म्हणजे नगामागे सात रुपये. तीनशे नगांवर तोच चार रुपयांच्या आत येतो. मोठ्या महिला मंडळाला छपाई म्हणूनच परवडते. आमच्यापुरते बोलायचे, तर नावासह शंभर वाट्या ४,००० रुपयांत आणि शंभर करंडे ६,१०० रुपयांत बसत होते.

छपाईत सालाचा आकडा घालू नये, हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी मी तो घालून घेतला आणि उरलेले अठरा नग पुढच्या वर्षी कोणाला देता आले नाहीत. त्याच वेळी नमुना न पाहता होकार दिल्याने ‘संक्रांत’ मधला ‘क्र’ फुटून ‘क’ आणि ‘र’ वेगळे छापले गेले होते. म्हणून संगणकाच्या पडद्यावरचा नमुना पुरेसा मानू नये. एका प्रत्यक्ष नगावर छापून घ्यावे, आणि जोडाक्षरे नीट वाचून मगच उरलेल्यांना होकार द्यावा.

करंडा घ्यायचा असेल, तर एक नमुना घरी आणून दोन्ही कोयऱ्यांत हळद भरावी, झाकण लावावे आणि उलटा धरून दोनदा झटकावा. सैल झाकणातून हळद कुंकवात मिसळते आणि खोक्याच्या मखमलीवर डाग पडतात. मुलाम्याखाली लोखंड असेल तर लोहचुंबक चिकटतो. असा करंडा ओलसर हळदीने कडेला गंजतो, म्हणून तो टाळलेला बरा. वाटीची कड बोटाने फिरवून पाहावी. धारदार कडेची वाटी देणे बरे दिसत नाही.

तयार संचातील कुंकू बहुधा रंगीत भुकटी असते. अस्सल कुंकू हळदीला चुन्यासारखा क्षार लागून लाल होते, त्यामुळे ते हळदीच्या जातीचे असते. संचातली हळद खरी आहे का, हे घरी सहज कळते: चिमूटभर हळदीला ओला चुना लावावा, ती लाल झाली नाही तर पुड्या बदलून मागाव्यात. वाटीच्या पर्यायात पुड्या आपणच भरत असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही, मात्र ऐंशी संच बांधायला दोघींच्या दोन संध्याकाळी जातात.

वेळेचाही हिशेब धरावा. २०२६ मध्ये १४ जानेवारीच्या संक्रांतीपासून २५ जानेवारीच्या रथसप्तमीपर्यंत अकराच दिवस होते, तर २०२७ मध्ये रथसप्तमी १३ फेब्रुवारीला असल्याने जवळजवळ महिना मिळेल. दिवस कमी असलेल्या वर्षी छपाईची मागणी डिसेंबरच्या मध्यालाच द्यावी. उशीर झालाच, तर नाव घातलेली वाटी घ्यावी, कारण ते काम एका दिवसात उरकते.

ऐंशी जणींसाठी मी वाटीच निवडली. दोनशेंच्या वर पाहुण्या असतील आणि बांधायला हात नसतील, तर करंडा घ्यावा, पण झाकण झटकून पाहिल्यावरच.