दोनदा आलेले पैसे परत करायचे: पेमेंट लिंकवरून की थेट बँकेतून?

घोडबंदर रोडवरच्या एका वॉटर प्युरिफायर सर्व्हिसवाल्याचं उदाहरण घेऊ. वार्षिक करार 4,000 रुपये, जीएसटी धरून 4,720. ग्राहक बाईंनी 2 जुलैला एनईएफटी केलं. त्यांच्या मुलाला ते माहीत नव्हतं, त्याने 3 तारखेला पेमेंट लिंकवर यूपीआयने पुन्हा भरले.

हे लगेच लक्षात येत नाही. एनईएफटीचे 4,720 बँकेत सरळ दिसतात, पण लिंकचे पैसे गेटवे इतर ग्राहकांच्या रकमांसोबत, आपलं शुल्क कापून, एकत्र जमा करतो. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट बिलांशी जुळवला तेव्हाच एका बिलावर दोन पावत्या निघाल्या. व्यवहार क्रमांक वेगळे असले तरच पैसे खरोखर दोनदा आलेत. क्रमांक एकच असेल तर टॅलीत नोंद दोनदा झाली आहे.

आता परत कसे करायचे? थेट एनईएफटीने केले तर बहुधा त्याच दिवशी पोचतात. पण त्यासाठी ईमेलवर खाते क्रमांक आणि आयएफएससी मागावा लागतो, आणि "तुमचे पैसे परत द्यायचेत, खात्याची माहिती द्या" हा मेल फसवणुकीच्या मेलसारखाच वाचला जातो. माणूस घाबरतो, आणि त्याचं घाबरणं योग्यच आहे. शिवाय इकडून एनईएफटी गेलं आणि ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी गेटवेवरही रिफंड टाकला, तर पैसे दोनदा जातात.

लिंकवरून रिफंड दिला तर ज्या खात्यातून पैसे आले तिथेच ते परत जातात, काहीच विचारावं लागत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, गेटवे साधारण 5 ते 7 कामाचे दिवस सांगतात. शुल्क सहसा परत मिळत नाही, ते धंद्याने सोसावं. गेटवेत शिल्लक कमी असेल तर रिफंड अडकून राहतो, म्हणून आधी शिल्लक बघा आणि मगच तारीख कळवा. पुढच्या बिलात वळते करणं इथे गैरसोयीचं, कारण पुढचं बिल वर्षाने.

मी लिंकचाच रस्ता धरेन, आणि मेल असा लिहीन:

"नमस्कार मॅडम, आपल्या बिलापोटी 4,720 रुपये आम्हाला दोनदा मिळाले आहेत: 2 जुलैला एनईएफटीने आणि 3 जुलैला पेमेंट लिंकवरून. 7 जुलैला हिशोब जुळवताना हे लक्षात आलं. दोन्ही व्यवहार क्रमांक खाली दिले आहेत. लिंकवरून आलेली पूर्ण रक्कम आज, मंगळवार 8 जुलैला, परत पाठवली आहे. ज्या खात्यातून ती भरली होती त्यातच गुरुवार 17 जुलैपर्यंत जमा होईल. आपल्याला काहीही करायचं नाही. आम्ही ओटीपी किंवा खाते क्रमांक मागणार नाही."

17 तारीख अंदाजाने टाकलेली नाही. 9 पासून सात कामाचे दिवस मोजलेत, मधला 12 तारखेचा दुसरा शनिवार आणि रविवार सोडून. रिफंडचा संदर्भ क्रमांक मिळाला की तोही कळवा, बँकेत चौकशी करताना तोच लागतो.

मुलाने ते खातं दरम्यान बंद केलं असेल तर रिफंड फेल होऊन परत येतो. तेव्हा मात्र एनईएफटीच करावं लागतं. त्यासाठीचा तपशील आपल्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून, आधी कारण सांगून मागावा.