भरलेल्या रॅकमध्ये शिरताना: पाकिटावर नाव आपलं की दुकानाचं?

म्यूसली किंवा नाचणीच्या फ्लेक्ससारखं काहीतरी नाश्त्याचं बाजारात आणायचं तुमचं ठरलंय, चव जमलीय, परवाना हातात आहे आणि आता पाकिटावर नाव कुणाचं टाकायचं इथे गाडी अडलीय, असं धरून लिहितो. मी दोन्ही करून पाहिलंय. चार वर्षं माल स्वतःच्या नावाने विकला, आता बराचसा एका दुकानसाखळीच्या नावाने जातो. तुमचं गणित वेगळं निघू शकतं, म्हणून आधी रॅककडे नीट बघू.

रॅकसमोर उभं राहिलं की वाटतं, इतके प्रकार खपतात तर आपलाही एक खपेल. मग पाकिटं उलटून मागचं बारीक नाव वाचावं. साधं, मधाचं, चॉकलेटचं, बदामाचं, कमी साखरेचं, लहान मुलांचं, आणि त्यातली बहुतेक एक-दोन कंपन्यांचीच. एकाच घरचे सहा ब्रँड एकमेकांचाच खप खातात, तरी कंपनी ते का काढते?

हा प्रश्न अमेरिकेत थेट सरकारी कारवाईपर्यंत गेला होता. १९७२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केलॉग, जनरल मिल्स, जनरल फूड्स आणि क्वेकर ओट्स या नाश्त्याची सीरियल्स बनवणाऱ्या चार कंपन्यांवर तक्रार दाखल केली. १९५० ते १९७० या काळात त्यांनी मिळून सुमारे १५० ब्रँड बाजारात चालवले होते, आणि नव्याला शिरायला फट राहू नये म्हणून रॅक असा भरला गेला, हा एक मुख्य आरोप होता. खटला दहा वर्षं चालला आणि १९८२ मध्ये काढून टाकला गेला. पण त्यामागचं गणित रिचर्ड श्मालेन्झी या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये मांडलं होतं, आणि ते धंदेवाल्याने एकदा तरी कागदावर करून बघावं.

समजा महिन्याला एक लाख पाकिटं खपतात. अगदी अगोडपासून खूप गोडपर्यंत एक रेघ ओढा आणि गिऱ्हाइकं तिच्यावर सारखी पसरलीत असं धरा. भाव सगळ्यांचा सारखा, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या आवडीला सगळ्यात जवळचं पाकीट उचलतो. जुन्या कंपनीने सारख्या अंतरावर पाच ब्रँड ठेवले, तर प्रत्येकाला २० हजार पाकिटं येतात. एक ब्रँड चालवायचा खर्च निघायला ११ हजार लागतात, म्हणजे कंपनीला भरपूर सुटतात. आता तुम्ही कुठल्याही दोन ब्रँडच्या मधोमध शिरा. डावीकडच्याकडून पाच हजार आणि उजवीकडच्याकडून पाच हजार, एकूण दहा. तुम्ही तोट्यात. समोरचा दामदुप्पट कमावत असतानाही तुमच्यासाठी जागा नसते, कारण दोन ब्रँडमधल्या अंतरातला निम्माच भाग तुमच्या वाट्याला येतो. यासाठी त्याला भावही पाडावा लागत नाही. रॅक आधीच भरून ठेवला की झालं.

आता पहिला पर्याय, स्वतःचा ब्रँड. त्या रेघेवर फट नसेल तर नवी रेघ शोधायची, हा त्यातला खरा मार्ग. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रॅनोलाने तेच केलं. पेट नावाच्या कंपनीने हार्टलँड आणला, आणि ‘नैसर्गिक’ ही गोडीच्या रेघेबाहेरची जागा होती. पण थोड्याच काळात जुन्या मंडळींचे स्वतःचे ग्रॅनोला त्याच रॅकवर येऊन बसले. नवी रेघ सापडते, पण ती आपल्याकडे किती दिवस राहते हे बघायचं. माझी नाचणी-गुळाची म्यूसली मला अशीच नवी रेघ वाटली होती. दीड वर्षात शेजारी एका मोठ्या ब्रँडचं नाचणीचं पाकीट आलं, आणि माझा त्या दुकानांतला खप जवळपास अर्ध्यावर आला.

ते मी सोसलं असतं. मला खरं बेजार केलं ते पाउचच्या रोलने.

छापील लॅमिनेटचा रोल करायचा तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. माझ्या डिझाइनला सहा रंग, म्हणजे एका फ्लेवरला सहा सिलिंडर. त्यावर छापणारा किमान तीनशे किलो रोलची ऑर्डर घेणार. माझं पाउच साधारण दहा ग्रॅमचं, म्हणजे एका फ्लेवरची तीस हजार पाउच. दालचिनीचा फ्लेवर महिन्याला नऊशेच्या आसपास जायचा. करा हिशोब, पावणेतीन वर्षांपेक्षा जास्त पुरेल इतका रोल. तेवढ्यात गुळाचं प्रमाण बदललं, पोषणमूल्यांचा तक्ता चुकीचा ठरला आणि उरलेले रोल जिन्याखाली गेले. अजून आहेत. स्टिकर लावलेलं साधं पाउच प्रदर्शनात चालतं, पण रोज शेकडो स्टिकर हाताने लावायला माणूस लागतो आणि मोठ्या रॅकमध्ये ते पाकीट मागेच सारलं जातं.

बरं, एकच फ्लेवर ठेवावा तर वितरक विचारायचा, “दादा, एकाच आयटमसाठी गाडी कशी फिरवू?” चार ठेवावेत तर चार वेळा सिलिंडर. वरच्या गणितातले ते ११ हजार म्हणजे हाच खर्च, हे मला त्या रोलांकडे बघत कळलं. मोठ्या कंपनीचे सिलिंडर लाखो पाकिटांवर वाटले जातात, माझे नऊशेंवर.

दुसरा पर्याय, दुकानाच्या नावाने माल देणं. इथे तुम्ही त्या रेघेवर जागा शोधत नाही. रॅक ज्याचा आहे तोच गिऱ्हाईक असतो, आणि तो आपलं पाकीट खपणाऱ्या ब्रँडच्या शेजारी कमी भावात ठेवतो. माझ्याकडे पाउच त्यांचं, रोल त्यांचा, डिझाइन बदललं तर वाया गेलेला रोलही त्यांचा. मी भाजतो, भरतो, पाठवतो. अमेरिकेतही भरलेल्या रॅकला खरा धक्का इथूनच बसला. दुकानांची स्वतःची सीरियल्स वाढत गेली आणि १९९६ मध्ये पोस्ट या सीरियलच्या मोठ्या ब्रँडने भाव सुमारे २० टक्क्यांनी उतरवले, मागोमाग केलॉगनेही. त्याच सुमारास दुकानांसाठी माल बनवणाऱ्या रॅलकॉर्पने आपला नावाजलेला चेक्स ब्रँड जनरल मिल्सला विकला, पण दुकानांसाठीचं काम स्वतःकडे ठेवलं.

यात दुखणी नाहीत असं नाही. मार्जिन पातळ आहे, दरवर्षी खरेदीवाले आणखी घासतात, आणि एकाच गिऱ्हाइकावर भट्टी चालत असेल तर रात्री झोप लागत नाही. मी त्यांना एकूण मालाच्या साठ टक्क्यांवर जाऊ देत नाही. नुकसानीचा माल परत घेण्याची अटही करारात आधी वाचून घ्या.

तुमच्याकडे एखादी अशी गोष्ट असेल जी मोठ्याला त्याच्या यंत्रावर करताच येत नाही, म्हणजे आठ दिवसांत संपवावा लागणारा ताजा माल किंवा एकाच तालुक्याची चव, तर स्वतःचं नाव टाका, मी अडवणार नाही. ओळखायची खूण एकच: शेजारच्या ब्रँडने उद्या तसाच फ्लेवर काढला तर तुमचा खप किती उरेल ते प्रामाणिकपणे लिहून काढा, आणि तो आकडा सिलिंडरच्या खर्चाला पुरतो का ते बघा. माझा पुरत नव्हता. माझ्या नावाची एकच साधी नाचणी म्यूसली मी अजून काढतो, दोन रंगांत छापलेली. बाकी भट्टी दुकानाच्या पाकिटांसाठी तापते.