कुत्र्याच्या अंगावरची गाठ: वाट बघू, सुई टोचू की सरळ काढून टाकू?

गोचीड काढताना हाताला गाठ लागली की घरात लगेच तीन पार्ट्या पडतात. एक म्हणते चरबीची असणार, बघू पुढच्या महिन्यात, दुसरी म्हणते सुईची टेस्ट करून घेऊ, आणि तिसरी म्हणते मुक्या जनावराला दोनदा कशाला त्रास, एकदाच भूल देऊन काढून टाका. मी व्हेट आहे आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, बहुतेक गाठींना आधी सुई. पण बाकीच्या दोन पार्ट्याही प्रत्येक वेळी चुकीच्या नसतात, त्यामुळं नीट बघू.

आधी वाट बघणं. यामागं एक समज असतो की मऊ आहे, हलते, दुखत नाही, म्हणजे चरबीचीच. वय झालेल्या लॅब्रेडॉरमध्ये चरबीची गाठ म्हणजे लायपोमा खूप दिसतो हे खरंच आहे, पण कुत्र्यांच्या कातडीचा जो कॅन्सर सगळ्यात जास्त सापडतो, मास्ट सेल ट्यूमर, तो कातडीखाली असला तर हाताला अगदी असाच लागतो, मऊ, हलणारा, न दुखणारा. वर तो फसवा आहे, कारण त्या पेशींत हिस्टामिन भरलेलं असतं, ते सुटलं की गाठ सुजते आणि दोन दिवसांनी परत बारीक होते. मग मालक म्हणतात अहो कमी झाली आपोआप, आणि निवांत होतात. खरं तर कमीजास्त होणारी गाठ दिसली की मी जास्त सावध होतो.

वाट बघायची जागा आहे पण ती छोटी आहे. तीन वर्षांच्या आतलं कुत्रं, कानावर किंवा तोंडावर केस गेलेलं लाल बटणासारखं काहीतरी पटकन आलंय, तर ती बऱ्याचदा हिस्टिओसायटोमा नावाची साधी गाठ असते आणि दोनतीन महिन्यांत आपली आपण जाते. लस टोचलेल्या जागी आलेली गाठही काही आठवड्यांत विरते. पण वाट बघायची म्हणजे विसरून जायचं नाही. पट्टीनं मोजा, तारीख लिहा, शेजारी नाणं धरून फोटो काढा. गाठ एक सेंटीमीटरच्या पुढं असेल किंवा महिनाभर टिकली असेल तर वाट बघणं थांबवायचं, आणि वाढत असेल, फुटली असेल, खाली चिकटल्यासारखी लागत असेल तर महिन्याचीही वाट नको.

आता सुई, म्हणजे एफएनएसी. नेहमीची इंजेक्शनची बारीक सुई, बहुतेकांना भूल लागत नाही, एकानं डोकं धरायचं आणि बिस्किट दाखवायचं, झालं. सुई गाठीत घालून वेगवेगळ्या दिशांना थोडी हलवायची, आत अडकलेल्या पेशी काचेवर उडवायच्या, वाळवून रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायच्या. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" हे मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं. मूत्राशयाच्या काही कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर गाठ आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिथं आम्ही सुई टाळतो, पण कातडीच्या गाठीत हे फारच दुर्मिळ आहे.

एक केस सांगतो. ब्राउनी, नऊ वर्षांची लॅब्रेडॉर. छातीच्या बाजूला सहा सेंटीमीटरची मऊ गाठ होती, तिच्यासाठीच आणली होती. तपासताना मागच्या मांडीवर दीड सेंटीमीटरची अजून एक सापडली, तशीच मऊ, घरच्यांना पत्ताच नव्हता. दोन्हीतून सुई घेतली. छातीवरच्या काचेवर तेलासारखे चकचकीत थेंब पडले आणि ते काही केल्या वाळेनात, रंग देताना स्पिरिटमध्ये बरंचसं धुऊन गेलं आणि उरल्या त्या फुगलेल्या रिकाम्या दिसणाऱ्या पेशी, कडेला ढकललेलं बारीक केंद्रक. ही चरबी. मांडीची काच लगेच वाळली, आणि तिच्यात गोल पेशी, जांभळ्या कणांनी इतक्या ठासून भरलेल्या की मधलं केंद्रक धड दिसत नव्हतं. मास्ट सेल. अर्ध्या तासात ती जागा लाल होऊन सुजलीसुद्धा. म्हणजे मोठी गाठ साधी निघाली आणि कॅन्सर होता त्या छोटीत!

इथंच तिसऱ्या पार्टीचा मुद्दा अडतो. लायपोमा काढायचा तर गाठीच्या कडेकडेनं सोडवला तरी चालतो. मास्ट सेल काढताना सहसा गाठीभोवती दोन ते तीन सेंटीमीटर चांगली कातडी आणि खालचा एक पडदा घेऊन काढायचा असतो, वर आधी हिस्टामिनविरोधी औषध द्यावं लागतं, कारण गाठ हाताळताना हिस्टामिन सुटून बीपी पडू शकतं. आत काय आहे हे माहीत नसताना ब्राउनीची गाठ कडेनं काढली असती तर पेशी मागं राहायची भीती, मग दुसरं ऑपरेशन, आणि पायावर दुसऱ्या वेळी कातडी पुरत नाही. सुईमुळं आम्हाला किती कापायचं ते आधी कळलं. जवळच्या लिम्फ नोडमधून सुई घेतली, पोटाची सोनोग्राफी केली, मग ऑपरेशन. छातीची गाठ तशीच ठेवली, अजून मोजतो.

पण सुई ग्रेड सांगत नाही, म्हणजे सांगायचे प्रयत्न होतात, पण भरवसा बायॉप्सीचाच. गाठ किती आक्रमक आणि कडा साफ आहेत का हे काढलेला अख्खा तुकडा लॅबला गेल्यावरच कळतं. ब्राउनीचा लो ग्रेड आला, कडा साफ. काढलेली गाठ "साधीच दिसत होती" म्हणून कचऱ्यात टाकणारे लोक आहेत, तसं करू देऊ नका.

सुई फसते कुठं? कडक गाठींमध्ये पेशी सुटतच नाहीत, काचेवर नुसतं रक्त येतं, आणि "काही सापडलं नाही" याचा अर्थ "कॅन्सर नाही" असा होत नाही. एकदा परत घ्यावी, तरी नाही आलं तर बायॉप्सी. स्तनाच्या गाठींतही साधी की कॅन्सरची हे सुई खात्रीनं सांगत नाही, तिथं काढून तपासणंच बरं. आणि चरबी आली तरी एक पेच राहतो, कातडीखाली सगळीकडे चरबी असतेच, त्यामुळं छोट्या गाठीवरून सुई घसरली तरी रिपोर्ट लायपोमाचाच येणार. सहा सेंटीमीटरच्या मऊ गाठीत चरबी आली तर पटतं. वाटाण्याएवढ्या टणक गाठीत आली तर मी परत टोचतो. स्नायूत शिरणारा लायपोमाही काचेवर साध्यासारखाच दिसतो, तो हाताला चिकटलेला लागतो यावरून संशय घ्यायचा.

दोन गोष्टी मालकांच्या हातात आहेत. सुईच्या आधी सूज उतरवायला स्टेरॉइड देऊ नका, मास्ट सेल आणि लिम्फोमासारखे कॅन्सर त्यानं तात्पुरते आक्रसतात आणि काचेवर चित्र धूसर होतं. आणि काचा लॅबला तुम्हीच पोचवणार असाल तर फॉर्मॅलिनच्या बाटलीबरोबर एका पिशवीत ठेवू नका, नुसत्या वाफेनं पेशी रंग धरत नाहीत आणि पूर्ण सँपल वाया जातं, मग परत बिस्किट, परत सुई.