स्नॅच की क्लीन अँड जर्क: ताज्या अंगाने आधी काय उचलायचं?

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत ही निवड करायला मिळत नाही. आधी स्नॅचचे तीन प्रयत्न, मग क्लीन अँड जर्कचे तीन, आणि दोन्हीकडच्या सर्वांत जड यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे टोटल. एका बाजूला खातं उघडलं नाही तर टोटलच नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न हुकले आणि निकालात तिच्या नावापुढे टोटल लागलंच नाही. प्रश्न येतो तो सरावात. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी हातात असतात. त्यात अंग ताजं असताना जे कराल ते सुधारतं, मागे राहील ते जेमतेम टिकतं. मी बऱ्याच विचाराने स्नॅच पुढे ठेवला. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून कारणं सांगतो.

तंत्रातला मोठा फरक मला थांब्यात दिसतो. स्नॅचला थांबा नाही. रुंद पकड, बार जमिनीवरून मांडीपर्यंत, तिथून कंबरेचा जोर, आणि बार वर जाताना आपण त्याच्याखाली खोल बसायचं. सगळं एका दमात. बार दोन बोटं पुढे गेला तर तो पुढेच पडतो, सावरायची संधी मिळत नाही. क्लीन अँड जर्कमध्ये मात्र क्लीन करून खांद्यावर बार घेऊन उभं राहिलं की, जर्कने तो डोक्यावर नेण्याआधी श्वास घेता येतो, अंगठे सोडवता येतात, पकड जराशी रुंद करता येते. त्यामुळे नवख्याला ही लिफ्ट सोपी वाटते, आणि पहिले काही महिने ती खरोखरच सोपी असते.

आमच्या जळगाव-धुळ्याकडची पोरं बहुतेक कुस्तीतून नाहीतर बेंच प्रेसवाल्या जिममधून येतात. पाय आणि पाठ दणकट, पण खांदे-मनगटं आवळलेली. क्लीनमध्ये त्यांची कोपरं वर येत नाहीत, खाली बसताना गुडघ्याला किंवा मांडीला लागतात. लागली की नो लिफ्ट, मग वजन कितीही सहज उठलेलं असो. तरी हे मी फार मोठं संकट धरत नाही. फ्रंट स्क्वॉट मन लावून केला तर कोपरं वर यायला लागतात.

मला खरा वैताग दिला तो जर्कच्या प्रेस-आउटने. डोक्यावर घेताना हात एकाच झटक्यात सरळ झाले पाहिजेत. बार वर पोचल्यावर कोपर वाकलेलं राहिलं आणि मग ढकलून सरळ केलं, किंवा सरळ झालेलं कोपर पुन्हा वाकून सरळ झालं, तर लाल दिवा. नियम स्नॅचलाही हाच आहे. पण स्नॅचमध्ये वजन कमी आणि पकड रुंद, त्यामुळे बारला तेवढं उंच जावं लागत नाही. माझ्या अनुभवात तो बार बहुतेक वेळा लॉक तरी होतो नाहीतर सरळ पडतो. वाद उरत नाही. जर्कमध्ये उलटं. जड क्लीन काढलेला, पाय थरथरताहेत, तरी बार वर गेला, तुम्ही उभे राहिलात, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तीन दिव्यांपैकी दोन लाल. निकाल तिघा पंचांच्या बहुमताने लागतो. मागून कुणीतरी अहिराणीत ओरडतोच, ‘गया ना वर, मंग लाल काबर?’ माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालं की जर्कचा दिवस आला की मी आधीच चिडलेला असायचो.

कारण बहुतेक वेळा कोपरात नसतं, गुडघ्याच्या डुबकीत असतं. बार वर फेकण्याआधी जे थोडं खाली जायचं, ते सरळ रेषेत आणि पूर्ण तळपायावर वजन ठेवून जायला हवं. छाती पुढे झुकली किंवा वजन चवड्यावर गेलं, की बार वर जाण्याऐवजी पुढे जातो. मग त्याच्याखाली शिरता येत नाही, हात लांबवून त्याला धरून ठेवावं लागतं, आणि उरलेलं अंतर दंड ढकलून भरून काढतात. तेच प्रेस-आउट. ओळखायचं असेल तर मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. डुबकीच्या तळाशी टाच उचललेली दिसली तर दुखणं सापडलं. अशा वेळी वजन उतरवून, बार थेट स्टँडवरून खांद्यावर घेऊन नुसता जर्क करावा. डुबकीच्या तळाशी क्षणभर थांबून वर फेकायचा सरावही चांगला. मात्र तो सरावापुरताच. स्पर्धेत जर्कसाठी गुडघे वाकवून मधेच थांबलात तर तोही प्रयत्न बाद.

जन्मतः किंवा जुन्या दुखापतीने कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर ते स्पर्धेआधी पंचांना दाखवून ठेवा. लिफ्टनंतर सांगून उपयोग नसतो. दोन्ही लिफ्टमध्ये शेवट सारखाच आहे. पाय एका ओळीत, हात-गुडघे सरळ, अंग स्थिर आणि पंचांच्या खुणेची वाट. खूण व्हायच्या आत बार सोडला, किंवा नंतरही खांद्याच्या वरूनच हातातून टाकला, तर केलेलं सगळं वाया.

आता माझ्या बाजूला अडचणीचं ठरणारं उदाहरण. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीच्या संकेत सरगरने स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले. मलेशियाच्या अनिकचे १०७ होते, म्हणजे संकेत ६ किलोंनी पुढे. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने पहिल्याच प्रयत्नात १३५ काढले. दुसऱ्यात १३९ घेताना उजवं कोपर दुखावलं, तिसराही हुकला. अनिकने १४२ उचलले. बेरीज २४८ आणि २४९. एका किलोने सुवर्ण गेलं. किलो क्लीन अँड जर्कमध्ये जास्त असतात, आणि ती शेवटी होते म्हणून शेवटचा शब्दही तिचाच, हे मान्य करायलाच हवं.

पण याच आकड्यांतून स्वतःसाठी एक हिशेब निघतो. साधारणपणे स्नॅच हा क्लीन अँड जर्कच्या ८० टक्क्यांच्या आसपास असतो. संकेतचा ८४ टक्क्यांच्या जवळ येतो, अनिकचा ७५. तुमचा जर्क १०० आणि स्नॅच ७० असेल, तर किलो स्नॅचमध्ये अडकलेत आणि ते तंत्राने सुटतात. संध्याकाळी अंग ताजं असताना तिथेच वेळ द्या. स्नॅच ८५ किंवा वर असेल तर माझं ऐकू नका, जर्क आधी घ्या.

आमच्याकडे बहुतेकांचा आकडा पहिल्या प्रकारात येतो असं मला वाटतं, आणि स्नॅचकडे माझा कल आहे तो त्यामुळेही. अपवाद एकच. रिकामा बार डोक्यावर धरून पूर्ण खाली बसता येत नसेल, टाचा उचलत असतील, तर जड स्नॅच घाईने धरू नका. खांदे आणि घोटे सुटेपर्यंत क्लीन करा, आणि जर्क तेवढ्याच वजनाचा घ्या, ज्यात कोपर एका झटक्यात लागतं.