पाकिटामागचा समुद्र: स्टॉक की एआय?

आंबा पल्पच्या पाकिटावर कोकणातला समुद्रकिनारा हवाय. पाकीट आपण स्टुडिओत शूट केलं, मागचं दृश्य मात्र बाहेरून घ्यायचंय.

स्टॉक फोटो घेतला तर मालकी छायाचित्रकाराकडेच राहते. आपण फक्त वापराची परवानगी विकत घेतो. अडॉबी स्टॉकच्या स्टँडर्ड लायसन्समध्ये छापील प्रतींची मर्यादा 5 लाख आहे. पाकिटं रोज छापली जातात, त्यामुळे ती कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. त्यापुढे एक्स्टेंडेड लायसन्स लागतं. फोटोवर ‘Editorial use only’, म्हणजे फक्त बातम्या-लेखांपुरता, असं लिहिलं असेल तर तो पाकिटासाठी बादच. शिवाय तोच किनारा उद्या शेजारच्या कंपनीच्या पाकिटावर दिसला, तरी तक्रारीला जागा नाही.

एआयच्या किनाऱ्यात प्रतींची मोजदाद सहसा नसते, पण तिथे मालकीच डळमळीत. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी 2025च्या अहवालात म्हटलं की नुसत्या प्रॉम्प्टवर बनलेल्या चित्राला संरक्षण मिळत नाही. आपल्या 1957च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं कलम 2(डी)(6) आहे. पण ते लिहिताना असली साधनं कुणाच्या डोक्यात नव्हती. माल अमेरिकेत जाणार असेल आणि ग्राहकाच्या करारात ‘सर्व हक्क हस्तांतरित’ असेल, तर मी सही करण्याआधी ते वाक्य बदलून घेतो: पाकिटाचा फोटो आणि मांडणी माझी, मागचं दृश्य एआयचं. आणि लोगोत? दोन्ही नको. किनारा स्वतःच जाऊन टिपावा.