फॉरवर्ड बुक करून आठ महिने: दर पक्का झाला, तारीख नाही

फॉरवर्ड म्हणजे पुढच्या ठरलेल्या तारखेला, आजच ठरवलेल्या दराने डॉलर घ्यायचा बँकेशी केलेला सौदा. आता थेट हिशेबावर येतो.

परदेशातून मागवलेल्या मालाची माझी ऑर्डर ४०,००० डॉलरची होती. महिन्याभरात माल जहाजावर चढणार आणि माल चढल्याची जहाज कंपनीची पावती, म्हणजे बी.एल., तिच्या तारखेपासून ६० दिवसांनी पैसे द्यायचे. त्या दिवशी डॉलर ८० ला होता. बँकेने तीन महिन्यांचा फॉरवर्ड ८०.८० ला दिला. वरचे ०.८० बँकेची कमाई समजून मी महिनाभर चरफडत होतो. ते चुकीचं होतं. तो प्रीमियम मुख्यतः दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक असतो. बँकेचं मार्जिन दरात वेगळं मिसळलेलं असतं. म्हणून आता स्पॉट म्हणजे त्या दिवसाचा चालू दर, प्रीमियम आणि मार्जिन असे तिन्ही आकडे सुटे सुटे मागतो.

खरी गंमत पुढे झाली. पुरवठादाराने माल महिनाभर उशिरा चढवला, साहजिकच पैसे देण्याची तारीखही महिनाभर पुढे गेली. फॉरवर्ड मात्र ठरल्या दिवशी पिकला. डॉलर तोवर उतरला होता. बँकेने ८०.८० चा सौदा आपल्या खरेदीदराने, ७९.२० ला, रद्द केला आणि ६४,००० त्याच दिवशी खात्यातून कापले. माल अजून समुद्रात, आणि माझे पैसे गेलेसुद्धा! त्या दिवशी इथे एक स्टार देणार होतो.

रात्री कागद घेऊन बसलो. पुढे गेलेल्या तारखेसाठी महिन्याभराचा नवा फॉरवर्ड ७९.६२ ला मिळाला होता. त्यात आधीचं १.६० चं नुकसान मिळवलं की डॉलर ८१.२२ ला पडतो. म्हणजे खरा फटका ०.४२ चा, १६,८०० चा. त्यातले ०.२७ वाढीव महिन्याचा प्रीमियम. राहिलेले ०.१५ म्हणजे बँकेच्या खरेदी-विक्री दरांतलं अंतर. हे ६,००० मला अजून टोचतात. डॉलर चढला असता तर रद्द करताना पैसे मिळाले असते, पण हे ०.१५ तेव्हाही गेलेच असते.

पुढच्या ऑर्डरला एका तारखेऐवजी महिन्याभराची मुदत असलेला ऑप्शन फॉरवर्ड घेतला. त्या मुदतीत कधीही डॉलर उचलता येतात. प्रीमियम मात्र शेवटच्या दिवसापर्यंतचा लागतो, लवकर उचलले तरी. मला चालतं. नाव ऑप्शन असलं तरी डॉलर घ्यायचे की नाही, ही निवड आपली नसते, फक्त दिवस आपला.

लँडेड कॉस्ट, म्हणजे माल हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च, पूर्ण बांधली गेली, असं मात्र समजू नका. ड्युटी काढताना कस्टम आपला जाहीर केलेला दर लावतं, तुमच्या ८०.८० शी त्याला देणंघेणं नाही. शिवाय जहाजभाडंही डॉलरमध्येच येतं, आणि मी फॉरवर्ड फक्त मालाच्या बिलाचा केला होता. क्लिअरिंग एजंटचं बिल आलं तेव्हा ते लक्षात आलं.

साडेतीन स्टार. अर्धा त्या ०.१५ साठी कापलाय.