आठ महिने मल्टी-कर्सर वापरल्यानंतर: फाइंड-रिप्लेस कुठे सोडलं आणि कुठे नाही

माझं काम फॉर्म आणि याद्यांचं. कुणीतरी एक्सेल शीट पाठवतं, त्यातला मजकूर मी वेबसाइटच्या फाइलमध्ये बसवते. एडिटर व्हीएस कोड, मशीन विंडोजचं, त्यामुळे खालच्या कळा विंडोजच्या आहेत. मल्टी-कर्सरची सोय त्यात पहिल्यापासून होती, पण मी ती मनापासून वापरायला लागले गेल्या आठ महिन्यांत. त्याआधी प्रत्येक पुनरावृत्तीच्या कामाला `Ctrl+H`, म्हणजे फाइंड-रिप्लेस.

कल्पना सोपी आहे. फाइलमध्ये एकाऐवजी अनेक कर्सर उभे करायचे आणि पुढची प्रत्येक कळ सगळ्यांना एकदम लागू होते. खरी खुबी ही की प्रत्येक कर्सर आपापल्या ओळीच्या हिशेबाने हलतो. `End` दाबलं की प्रत्येक जण आपल्या ओळीच्या शेवटी जातो, ओळ लांब असो की आखूड. प्रत्येकाचा क्लिपबोर्डही जणू वेगळा असतो: छत्तीस ठिकाणी कट करून तितक्याच कर्सरवर पेस्ट केलं, तर ज्याचं त्याला मिळतं.

हे मला पटलं ते जिल्ह्यांच्या यादीवर. 36 ओळी, आधी नाव, मग टॅब, मग शीटमधला कोड:

```
पुणे	PN
छत्रपती संभाजीनगर	CS
```

हवं होतं हे:

```js
PN: "पुणे",
CS: "छत्रपती संभाजीनगर",
```

सगळ्या ओळी निवडून `Shift+Alt+I` दाबलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी कर्सर येतो. `Ctrl+Shift+Left` ने शेवटचा शब्द, म्हणजे कोड, निवडला जातो. तो `Ctrl+X` ने कापायचा आणि `Backspace` ने टॅब काढायचा. `Shift+Home` ने नाव निवडून `"` दाबलं की जावास्क्रिप्ट फाइलमध्ये अवतरणचिन्हं दोन्ही बाजूंनी बसतात. मग `End`, स्वल्पविराम, `Home`, `Ctrl+V`, आणि शेवटी `: `. नावात एक शब्द आहे की दोन, याने फरक पडत नाही, कारण नाव शब्दाने नव्हे तर ओळीच्या सुरुवातीपर्यंत निवडलं आहे. म्हणूनच बाणाच्या कळा मोजून दाबायच्या नाहीत. ओळींची लांबी वेगळी असली की चार वेळा डावा बाण म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळीच जागा.

रेजेक्सने, म्हणजे शब्दाऐवजी त्याचा नमुना देऊन शोधण्याने, हे होत नाही का? होतं. `(.+)\t(.+)` शोधून `$2: "$1",` लिहिलं की एका फटक्यात काम संपतं. पण सवयीने मी आधी `(\w+)\t(\w+)` लिहिलं होतं आणि एकही ओळ सापडेना. फाइलच्या आतल्या शोधात `\w` फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर ओळखतो, देवनागरी त्याला शब्दच वाटत नाही. मल्टी-कर्सरची शब्दावर उडी मारण्याची रीत वेगळी आहे: मोकळी जागा आणि विरामचिन्हं सोडून बाकी सगळं त्याच्या लेखी शब्द, त्यामुळे मात्रा-वेलांट्यांवर तो अडत नाही. शिवाय रेजेक्समध्ये अख्खा बदल आधी डोक्यात मांडावा लागतो. इथे एक ओळ हाताने सुधारावी तशी सुधारत जायची, बाकीच्या पस्तीस डोळ्यांसमोर तशाच बदलतात.

उलट बाजूही सांगते. एका शीटमध्ये मुंबई उपनगरचा कोड रिकामा होता, टॅबनंतर काहीच नाही. `Ctrl+Shift+Left` ने तिथे कोडऐवजी "उपनगर" आणि टॅब मिळून उचललं, आणि ओळ `उपनगर	: "मुंबई",` अशी झाली. रेजेक्सने ती ओळ जुळत नाही म्हणून तशीच सोडली असती. कोडनंतर एक रिकामी जागा राहिली असेल, तर `PN : "पुणे",` असं येतं. दोन्ही चुका नजरेला खुपतात, पण नजर टाकावी लागते. मी आता पहिला बदल करण्याआधी खाली स्टेटस बारवर पाहते. तिथे `36 selections` हवं. कमी दिसलं, तर एखादी ओळ सुटली आहे किंवा दोन कर्सर एकाच जागी येऊन मिसळले आहेत. जास्त दिसलं, तर नको ते निवडलं गेलंय.

फाइंड-रिप्लेसवर मल्टी-कर्सर निर्विवाद सरस ठरतो, तो मात्र दुसऱ्याच प्रकारच्या कामात: जिथे सगळं नव्हे, काही बदलायचं आहे आणि कुठलं ते माणसानेच ठरवायचं आहे. औरंगाबादचं नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्याकडे माहितीपत्रकाची एक मोठी फाइल होती, तिच्यात जुनं नाव जागोजागी. सरसकट रिप्लेस केलं तर बिहारमधलं औरंगाबादही बदलणार, जुन्या कागदपत्रांची शीर्षकंही बदलणार. ती तशीच राहायला हवीत.

इथे `Ctrl+D`. एकदा दाबलं की कर्सरखालचा शब्द निवडला जातो, पुन्हा दाबलं की पुढचा. नको असलेला आला की `Ctrl+K Ctrl+D` ने तो सोडून पुढे, चुकून घेतला तर `Ctrl+U` ने परत. सगळे निवडून झाल्यावर एकदाच टाइप करायचं. फाइंड-रिप्लेसमध्येही एकेक करून बदलता येतं, पण तिथे प्रत्येक होकाराला बदल लगेच घडतो. इथे आधी सगळी निवड होते, ती वरखाली स्क्रोल करून तपासता येते, आणि हात नंतर लागतो.

मराठीत याची एक मेख आहे. कर्सर नुसता शब्दावर ठेवून `Ctrl+D` सुरू केलं, तर एडिटर अख्खाच शब्द शोधतो. मग "औरंगाबाद" सापडतं, पण "औरंगाबादला", "औरंगाबादहून", "औरंगाबादच्या" सुटतात. आपल्या भाषेत गावाचं नाव प्रत्ययाशिवाय क्वचितच येतं, त्यामुळे निम्मं काम राहून जातं आणि कळतही नाही. उपाय असा: "औरंगाबाद" एवढी अक्षरं आधी स्वतः निवडायची, मग `Ctrl+D`. आता प्रत्यय लागलेले शब्दही येतात, आणि प्रत्यय जागच्या जागी राहून "छत्रपती संभाजीनगरला" होतं.

`Ctrl+Shift+L` एकदम सगळे घेतं. पडद्याबाहेर काय निवडलं गेलं ते दिसत नाही, म्हणून मी ते फक्त छोट्या फाइलवर वापरते.

काही ठिकाणी मी पुन्हा जुन्या वाटेने जाते. मल्टी-कर्सर एका वेळी एकाच फाइलमध्ये चालतो. तीच माहिती चाळीस फाइलींत असेल तर `Ctrl+Shift+H`. कोडमधल्या चलाचं नाव बदलायचं असेल तर `F2`, कारण ते मजकूर नव्हे, अर्थ बघतं. `Shift+Alt` धरून माउसने उभा पट्टा निवडायची सोय इंग्रजी तक्त्यांवर सुंदर चालते, देवनागरीवर नाही. आपल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, जोडाक्षरं आणखी वेगळी, त्यामुळे पट्ट्याची कड एका ओळीत शब्दाआधी पडते तर दुसरीत शब्दाच्या मधोमध. तिथे मी सरळ `Shift+Alt+I` घेते आणि `Home` किंवा `End` पासून शब्दाशब्दाने सरकते.